बारा वर्षांपूर्वीच्या कर्जाची आज मागणी आली तर हिशेब आणि नोंदी कशा मागाव्यात

2012-13 च्या सुमारास घेतलेलं वैयक्तिक कर्ज, मधेच थांबलेले हप्ते, नंतर बँकेकडून दहा वर्षं शांतता. मग एक दिवस बँकांची थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कुठल्याशा अ‍ॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीच्या नावाने पत्र येतं: अमुक लाख रुपये सात दिवसांत भरा. पाठोपाठ फोन सुरू होतात. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. घाबरून "थोडे थोडे भरतो" असं लिहून देतात किंवा पत्र फाडून टाकतात. दोन्ही महागात पडू शकतं. हा लेख तारण नसलेल्या वैयक्तिक कर्जाबद्दल आहे. घरकर्ज, सोनेतारण आणि पतसंस्थेचं कर्ज यांचे नियम वेगळे आहेत, त्यांचा उल्लेख शेवटी येईल.

आधी काय करायचं नाही

पत्र मिळाल्यावर पहिले काही दिवस तीन गोष्टी टाळायच्या: सही, पैसे आणि चॅटवरचं बोलणं.

कारण मुदतीच्या कायद्यात आहे. मुदत कायदा, 1963 नुसार उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते. पण ही मुदत चालू असताना कर्जदाराने देणं मान्य असल्याचं लेखी आणि सहीनिशी कबूल केलं, तर कलम 18 प्रमाणे त्या तारखेपासून 3 वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. मुदतीच्या आत केलेला भरणाही, तो कर्जदाराच्या सहीने किंवा हस्ताक्षरात नोंदलेला असेल तर, कलम 19 प्रमाणे हेच करतो. दिलेला चेक म्हणजे सही आलीच.

कलम 18 च्या स्पष्टीकरणातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. "कर्ज घेतलं होतं, पण आता मी एक पैसाही देणार नाही" असं लिहिलं तरी ती कबुली ठरू शकते. नकार जोडलेला असला म्हणून कबुली पुसली जात नाही. त्यामुळे रागाने लिहिलेलं उत्तरही समोरच्याच्या कामी येतं.

मुदत संपून गेल्यावरची साधी कबुली कलम 18 खाली मेलेला दावा जिवंत करत नाही. पण तिथे दुसरा सापळा आहे. करार कायद्याच्या कलम 25(3) प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी आणि सही केलेलं वचन हा नवा, अंमलात आणण्याजोगा करार असतो. वसुलीवाले जे "सेटलमेंट लेटर" सही करून मागतात त्यात बहुधा नेमकं हेच वाक्य असतं: मी अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत भरण्याचे मान्य करतो. "आज फक्त दोन हजार टोकन भरा, व्याज माफ करून घेतो" या बोलण्यात दोन हजारांना महत्त्व नसतं. खरी किंमत त्यासोबतच्या सहीला असते. आणि मुदतबाह्य देण्यापोटी स्वखुशीने भरलेले पैसे, मुदत संपली होती एवढ्या कारणावर परत मागता येत नाहीत.

म्हणून फोनवर एकच उत्तर द्यावं: "जे काही आहे ते लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देईन." त्यापुढे बोलायची गरज नाही. केवायसीच्या नावाखाली पॅन आणि आधारच्या सही केलेल्या प्रती मागितल्या तर त्याही देऊ नयेत. ज्याच्याकडे खरोखर कर्जाची फाइल आहे त्याच्याकडे या प्रती आधीपासून असतात. रिझर्व्ह बँकेने वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायला मनाई केली आहे. त्या वेळेबाहेरचे फोन आले तर तारीख, वेळ आणि नंबर वहीत टिपून ठेवावा, तक्रारीत उपयोगी पडतो.

तारखा स्वतः शोधा

समोरच्याकडे काही मागण्याआधी आपल्याकडे काय सापडतं ते पाहावं. शेवटचा भरणा कधी झाला आणि शेवटचा हप्ता कधी देय होता, या दोन तारखा हव्यात.

पहिली तारीख बहुधा तुमच्या बचत खात्याच्या जुन्या पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये मिळते. पासबुक नसेल तर क्रेडिट रिपोर्ट काढावा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर शेवटच्या भरण्याची तारीख आणि खात्याची स्थिती असते. चारही रिपोर्ट काढावेत, कारण जुनं खातं एकात दिसतं आणि दुसऱ्यात दिसत नाही असं सर्रास होतं. स्थितीच्या रकान्यात "रिटन ऑफ" दिसलं म्हणजे कर्ज माफ झालं असा अर्थ काढू नये. बँकेने ते आपल्या ताळेबंदातून काढलं एवढाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क त्याने जात नाही.

शेवटच्या हप्त्याची तारीख कर्जाच्या मुदतीवरून काढता येते. थकबाकी झाल्यावर बँकेने पूर्ण कर्ज एकदम परत मागितलं असेल तर मुदत कधीपासून मोजायची यावर वाद होतो. म्हणून आपल्या बाजूने मोजताना सगळ्यांत उशिराची तारीख धरावी. त्या तारखेनेही मुदत संपलेली निघाली तर आपली बाजू भक्कम.

एक दुरुस्ती मात्र करावी लागते. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला आहे. 15 मार्च 2020 ला ज्या दाव्याची मुदत अजून शिल्लक होती, त्याची उरलेली मुदत 1 मार्च 2022 पासून पुढे मोजायची आणि ती निदान 90 दिवस तरी धरायची. म्हणजे शेवटचा हप्ता 10 जून 2018 चा असेल, तर एरवी 10 जून 2021 ला संपणारी मुदत मे 2023 च्या अखेरीपर्यंत जाते. 2020 च्या आधीच संपलेल्या मुदतीला या सवलतीचा काही फायदा नाही.

मागणारा कोण आहे

पत्रावरचं नाव तीनपैकी एका प्रकारात बसतं आणि प्रत्येकाकडे मागायचा कागद वेगळा असतो.

मूळ बँकच मागत असेल तर काम सोपं. पण ती बँक मधल्या काळात विलीन झालेली असू शकते. देना आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेल्या. वर्षभराने, 1 एप्रिल 2020 ला आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत विलीन झाली. विलीनीकरण ही कर्जाची विक्री नव्हे, त्यामुळे तिथे विक्रीचा दस्त मागण्यात अर्थ नाही. तिथे जुना आणि नवा खाते क्रमांक जोडून दाखवणारी नोंद मागावी. संगणक प्रणाली बदलताना शेवटची शिल्लक तेवढी नव्या खात्यात आली आणि आधीचे व्यवहार मागे राहिले, ही चूक याच टप्प्यावर होते.

दुसरा प्रकार म्हणजे कर्ज विकत घेतलेली अ‍ॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी. नोंदणी असलेल्या अशा कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते, नाव तिथे तपासावं. तिच्याकडे कर्ज हस्तांतराचा दस्त, म्हणजे असाइनमेंट डीड, मागायचा. दस्ताची पहिली आणि शेवटची पानं पाठवून भागत नाही. एका दस्ताने शेकडो कर्जं एकत्र विकली जातात. तुमचं खातं त्यात होतं का, हे सोबतच्या परिशिष्टातल्या ओळीवरूनच कळतं. इतर कर्जदारांची नावं झाकून फक्त तुमची ओळ दाखवायला कंपनीला अडचण नसते. त्या ओळीत विक्रीच्या दिवशीची थकबाकीही असते आणि पुढे हिशेब तपासताना हा आकडा फार मोलाचा ठरतो. कर्ज विकलं गेल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही. विकत घेणाऱ्याला मूळ बँकेकडे जेवढा हक्क उरला होता तेवढाच मिळतो.

तिसरा प्रकार वसुली एजन्सीचा. तिच्या मालकीचं काहीच नसतं, ती दुसऱ्यासाठी वसुली करते. तिच्याकडे तुमच्या खात्याचा उल्लेख असलेलं अधिकारपत्र मागावं आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार थेट बँकेशी किंवा कंपनीशी करावा. पत्रावर छापलेल्या मोबाइल नंबरवर खात्री करून घेऊ नये. बँकेच्या शाखेत जाऊन किंवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरवर विचारावं.

पत्र कसं लिहायचं

पत्र थोडक्यात असावं. कर्ज का थकलं, नोकरी कशी गेली, घरात आजारपण कसं होतं, यातलं काहीही लिहू नये. सहानुभूतीसाठी लिहिलेलं वाक्यच कबुली म्हणून फाइलला लागतं. दुसऱ्या टोकाला जाऊन "मी असं कर्ज कधी घेतलंच नाही" असंही लिहू नये, जर ते घेतलं असेल तर. उद्या सहीचा करार समोर आला की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही. "दावा मान्य करत नाही" आणि "कर्ज घेतलं नाही" या वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्रात फक्त पहिली हवी.

पत्र बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावं. या पदांची नावं आणि पत्ते संकेतस्थळावर असतात. मसुदा असा:

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (संस्थेचे नाव व नोंदणीकृत पत्ता)*

*विषय: आपल्या दि. … च्या पत्रातील दाव्याची पडताळणी व नोंदींच्या प्रतींची मागणी*

*महोदय, आपले वरील पत्र मला दि. … रोजी मिळाले. त्यात कथित कर्ज खाते क्र. … पोटी रु. … ची मागणी केली आहे. हा दावा व त्यातील कोणतीही रक्कम मी मान्य करत नाही. हे पत्र केवळ माहिती मागण्यासाठी आहे. ते कोणत्याही देण्याची कबुली किंवा फेडीचे वचन समजू नये. मुदतबाह्यतेच्या हरकतीसह माझे सर्व कायदेशीर हक्क राखून मी पुढील कागदपत्रांच्या प्रती मागत आहे.*

*1. मंजुरीपत्र व माझ्या सहीचा कर्ज करार, सर्व पानांसह.*
*2. कर्ज वितरणाच्या दिवसापासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा, प्रत्येक जमा व नावे नोंदीसह, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, 1891 प्रमाणे प्रमाणित.*
*3. मागणीच्या रकमेची फोड: मुद्दल, करारातील व्याज, दंड, इतर आकार, व्याजदर, कालावधी व मोजण्याची पद्धत.*
*4. शेवटच्या जमा रकमेची तारीख, रक्कम व ती कशी जमा झाली. खाते अनुत्पादक म्हणजे एनपीए ठरल्याची तारीख.*
*5. कर्ज हस्तांतरित झाले असल्यास हस्तांतराचा दस्त व माझ्या खात्याची नोंद असलेले परिशिष्ट.*
*6. मुदत वाढल्याचा आपला दावा असल्यास त्यासाठी आधार मानलेली माझ्या सहीची प्रत्येक कबुली.*
*7. या खात्याबाबत कोणताही दावा, लवाद प्रकरण किंवा हुकूमनामा असल्यास त्याचा क्रमांक, न्यायालय व तारीख.*

*कागदपत्रे मिळेपर्यंत सर्व संपर्क लेखी स्वरूपात वरील पत्त्यावर करावा.*

खाली तारीख, नाव, पत्ता आणि सही. "कथित" हा शब्द गाळू नये आणि "माझं कर्ज", "माझी थकबाकी" असं कुठेही लिहू नये. पत्र स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावं आणि तेच ईमेलनेही पाठवावं. पोस्टाची पावती, ऑनलाइन ट्रॅकिंगमध्ये "पोहोचले" दाखवणाऱ्या पानाची प्रत आणि पत्राची झेरॉक्स एकत्र ठेवावी.

आलेला उतारा कसा वाचायचा

समजा कर्ज 1,50,000 रुपयांचं, दर साल 16 टक्के, मुदत 36 महिने. महिन्याचा हप्ता सुमारे 5,274 रुपये येतो. पहिला हप्ता 5 मे 2012 ला, 22 वा 5 फेब्रुवारी 2014 ला भरला आणि मग भरणा थांबला. शेवटचा, म्हणजे 36 वा हप्ता 5 एप्रिल 2015 ला देय होता. जून 2025 मध्ये पत्र येतं: 4,21,300 रुपये भरा.

सगळ्यात आधी मुदत. सर्वांत उशिराची तारीख 5 एप्रिल 2015 धरली, तरी 3 वर्षं एप्रिल 2018 मध्ये संपतात. कोविडची सवलत सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी. मधे सही केलेली कबुली किंवा दाखल झालेला दावा नसेल तर या रकमेसाठी आज दावा टिकू नये. मुदत कायद्याचं कलम 3 असं आहे की कर्जदाराने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळला पाहिजे. तरी हे काम कोर्टावर सोडू नये, आपणच तारखा मांडाव्यात.

आता रक्कम. 22 हप्त्यांनंतर 16 टक्के दराने शिल्लक मुद्दल सुमारे 66,900 रुपये निघतं. हे तपासायला कोणत्याही हप्ता-गणकावर रक्कम, दर आणि महिने टाकून परतफेडीचा तक्ता काढावा आणि 22 व्या ओळीतली शिल्लक पाहावी. फेब्रुवारी 2014 ते जून 2025 हे 136 महिने झाले. या मुद्दलावर सरळव्याज लावलं तर एकूण सुमारे 1,88,300 रुपये होतात. दरमहा चक्रवाढ लावली तर सुमारे 4,05,500. म्हणजे मागणीतल्या 4,21,300 रुपयांचं कोडं सुटलं: दरमहा चक्रवाढ व्याज आणि वर सुमारे 15,800 रुपयांचे आकार. सरळ आणि चक्रवाढ यांच्यातला सुमारे 2,17,000 रुपयांचा फरक एकाच प्रश्नावर उभा आहे. करारात थकबाकीवर दरमहा चक्रवाढ लावायची तरतूद आहे का? ते कलम दाखवा म्हणावं. दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की दंड हा वेगळा आकार म्हणून घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. ही पद्धत 2024 पासून लागू आहे. त्याआधीच्या काळासाठी करारच पाहावा लागतो.

इथे एक गोष्ट बघून लोक गोंधळतात. बँकेचा उतारा 65-70 हजारांवर थांबलेला दिसतो आणि मागणीपत्र चार लाखांचं असतं. हे लबाडीचंच लक्षण आहे असं नाही. खातं एनपीए झाल्यावर बँक त्यावरचं न मिळालेलं व्याज उत्पन्न म्हणून दाखवू शकत नाही, म्हणून मुख्य खात्यात व्याज नावे टाकणं थांबतं आणि त्याचा हिशेब वेगळ्या नोंदीत ठेवला जातो. ती वेगळी नोंद म्हणजेच आपल्या पत्रातला तिसरा मुद्दा. खातेउतारा आला आणि व्याजाचा तक्ता आला नाही, तर उत्तर अर्धवट आहे असं समजून पुन्हा मागणी करावी.

उताऱ्यात सर्वांत आधी पहिली ओळ पाहावी. ती कर्ज वितरणाची हवी, म्हणजे शून्यातून 1,50,000 रुपये नावे. पहिली ओळ "ओपनिंग बॅलन्स" असेल तर मागचे व्यवहार गायब आहेत आणि तुमचे 22 हप्ते नीट जमा झाले का हे त्या कागदावरून सिद्धच होत नाही. मग तुमच्या पासबुकातला प्रत्येक हप्ता उताऱ्यात टिक करत जावा. साधारणपणे चुकतात ते शेवटचे दोन-तीन भरणे, कारण ते शाखेत रोखीने किंवा एजंटाच्या पावतीवर झालेले असतात. कर्जासोबत काढलेल्या विम्याचा परतावा किंवा आधी केलेल्या तडजोडीची रक्कमही पाहावी. आणि परिशिष्टात विक्रीच्या दिवशीची थकबाकी 92,000 दाखवली असेल, तर त्या दिवसापासून चार लाखांपर्यंत आकडा कसा गेला याचा हिशेब कंपनीने द्यायचा आहे.

उताऱ्यात 2016 किंवा 2017 मध्ये अचानक पाचशे-हजाराची एखादी जमा दिसली तर तिथे थांबावं. तुम्ही ती भरलेली नसेल तर ती कुठून आली, कोणाच्या खात्यातून आली, पावतीवर कोणाची सही आहे, हे लेखी विचारावं. मुदत वाढल्याचा दावा अशाच एका नोंदीवर उभा राहू शकतो. तसंच "बॅलन्स कन्फर्मेशन" किंवा "रिव्हायव्हल लेटर" नावाच्या, म्हणजे देणं मान्य असल्याच्या, कागदाची प्रत आली तर त्यावरची तारीख नीट पाहावी. कर्ज घेताना कोऱ्या फॉर्मवर केलेल्या सह्यांवर नंतर तारीख भरलेली असू शकते. छापील फॉर्मवर आवृत्तीचा महिना-वर्ष असतो, शिक्का असतो, तारखेची शाई वेगळी असते. मूळ कागद पाहायला मागावा, झेरॉक्सवर समाधान मानू नये.

उत्तर आलं नाही किंवा "रेकॉर्ड नाही" असं आलं

बँक किंवा वित्तकंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रारीत "कर्ज माफ करा" असं मागू नये, ते लोकपालाच्या हातात नाही. "नोंदी मागूनही दिल्या नाहीत आणि वसुली चालू ठेवली" एवढीच सेवेतली त्रुटी मांडावी. क्रेडिट रिपोर्टमधली नोंद चुकीची असेल तर तिची तक्रार त्या क्रेडिट संस्थेकडे वेगळी करावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे.

"इतक्या जुन्या नोंदी आम्ही ठेवत नाही" हे उत्तर आलं तर ते जपून ठेवावं. नोंदी कायम ठेवण्याची सक्ती नसते हे खरं आहे, पण पैसे मागणाऱ्यालाच आपलं येणं सिद्ध करावं लागतं. वहीतली नोंद तेवढी दाखवून कोणावर देण्याची जबाबदारी टाकता येत नाही, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मूळ करारही नाही, उताराही नाही, मग 4,21,300 हा आकडा आला कुठून, हा प्रश्न तुमच्या पुढच्या पत्राचा मजकूर.

कोर्टाचा कागद असेल तर

वसुलीवाल्यांचं पत्र आणि कोर्टाचं समन्स यांत गल्लत करू नये. समन्सवर दावा क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या services.ecourts.gov.in वर टाकून पाहता येतो. नोटीस आली नसली तरी तिथे आपल्या नावाने एकदा शोधावं. कारण तुमच्या नकळत जुना हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा निकाल, झालेला असेल तर वरचं सगळं मुदतीचं गणित बदलतं: हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला 12 वर्षं मिळतात. वित्तकंपन्यांच्या करारात लवादाचं कलम असतं आणि लवादाचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो, पण निवाडा झाल्याचं या संकेतस्थळावर दिसेलच असं नाही. म्हणून पत्रातला सातवा मुद्दा गाळायचा नाही.

समन्स आलं तर दिवस मोजायला लगेच सुरुवात करावी. साध्या दाव्यात लेखी म्हणणं 30 दिवसांत द्यायचं असतं. समरी सूट असेल, म्हणजे समन्सवर ऑर्डर 37 असा उल्लेख असेल, तर हजेरी 10 दिवसांत नोंदवावी लागते. ती चुकली तर समोरच्याच्या म्हणण्यावरच हुकूमनामा होऊ शकतो. इथे वकील हवाच.

लोकअदालतीची नोटीस मात्र समन्स नव्हे. दावा दाखल होण्याआधीच्या प्रकरणांत बँका जुन्या कर्जदारांना अशा नोटिसा घाऊक पाठवतात. गेलं नाही म्हणून विरुद्ध निकाल लागत नाही. पण तिथे जाऊन तडजोडीवर सही केली तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. मुदत संपलेल्या कर्जावर केलेली अशी सही ही समोरच्याला मिळालेली सर्वांत पक्की सही असते. जायचंच असेल तर उतारा आणि व्याजाचा तक्ता आधी मागावा, तो पाहिल्याशिवाय टेबलावर बसू नये.

जिथे हे गणित लागू होत नाही

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसं झालं असं नाही. कोर्टातून वसूल करायचा मार्ग तेवढा बंद होतो. म्हणून बँकेच्या ताब्यात असलेलं सोनं ती धरून ठेवू शकते आणि त्याच बँकेतल्या तुमच्या बचत खात्यातली रक्कम थकबाकीपोटी वळती करायचा प्रयत्न करू शकते. जुनी थकबाकी असलेल्या बँकेत पगार जमा होत असेल तर हे आधीच लक्षात घ्यावं. घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या तारणातून वसुलीची मुदत 12 वर्षं असते.

पतसंस्था, नागरी बँक किंवा विकास सोसायटी यांच्या कर्जात तर फारच सावध राहावं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 92 प्रमाणे सभासदाकडच्या येण्याच्या वादाची मुदत तो सभासद मरण पावतो किंवा सभासदत्व सोडतो त्या तारखेपासून मोजली जाते. अजून सभासद असाल तर "तीन वर्षं झाली" हा मुद्दा तिथे चालत नाही. शिवाय संस्था कोर्टात न जाता निबंधकाकडून कलम 101 चा वसुली दाखला घेऊ शकते. अशा ठिकाणी उतारा आणि व्याजाची फोड मागणं, आणि दाखल्याच्या सुनावणीला हजर राहून हिशेबावर लेखी हरकत घेणं, हाच मार्ग.

मागणी वारलेल्या आईवडिलांच्या कर्जाची असेल तर पत्रात एक ओळ वाढवावी: वारस म्हणून मला मिळालेल्या मालमत्तेपलीकडे कोणतीही जबाबदारी मी मान्य करत नाही. वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या पगारातून "वडिलांचं नाव राखायला" भरायचं की नाही हा घरातला निर्णय आहे, पण तो घेताना आकडा तरी तपासलेला असावा. आणि भरायचं ठरलंच तर पैसे आधी आणि कागद नंतर असं करू नये. एकरकमी रक्कम, ती मिळाल्यावर खातं पूर्ण बंद होईल, थकबाकी नसल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल आणि क्रेडिट संस्थांना काय कळवलं जाईल, हे सगळं संस्थेच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीने घ्यावं. भरणा संस्थेच्याच नावाच्या खात्यात करावा, एजंटाच्या किंवा त्याच्या यूपीआय नंबरवर नाही.